जून महिन्याच्या एसआयपी हप्त्याची पावती आणि युनिट कमी-जास्त का होतात

नवी पेठ, सोलापूर
१० जून २०२५

काकू, सप्रेम नमस्कार.

तुमचा जूनचा हप्ता जमा झाला आणि युनिट खात्यावर चढले. तपशील असा:

योजना: फ्लेक्सी कॅप, रेग्युलर प्लॅन, ग्रोथ पर्याय
फोलिओचे शेवटचे चार अंक: ४७१२
हप्ता: सहावा
ठरलेली तारीख: ७ जून २०२५ (शनिवार)
युनिट मिळाल्याची तारीख: ९ जून २०२५ (सोमवार)
बँकेतून गेलेली रक्कम: ३,०००.०० रुपये
मुद्रांक शुल्क: ०.१५ रुपये
गुंतवलेली रक्कम: २,९९९.८५ रुपये
९ जूनची एनएव्ही: ६४.८५ रुपये
मिळालेले युनिट: ४६.२५८
एकूण शिल्लक युनिट: २९८.३६०
९ जूनच्या भावाने एकूण मूल्य: १९,३४८.६५ रुपये (भरलेली रक्कम १८,००० रुपये)

आज सकाळी मेसेज वाचून तुम्ही फोन केलात. "एप्रिलमध्ये त्रेपन्न युनिट आले होते, आता सेहेचाळीसच. पैसे तेवढेच गेले, मग माझे सात युनिट कुठे गेले?" दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून नीट बोलता आलं नाही. प्रश्न अगदी रास्त आहे, म्हणून आज सविस्तर लिहितो.

तुमचं एकही युनिट कुठे गेलेलं नाही. युनिट म्हणजे योजनेतला तुमचा वाटा, आणि एनएव्ही म्हणजे त्या दिवशीचा एका युनिटचा भाव. योजनेकडे असलेल्या सगळ्या शेअरची त्या दिवसाच्या बाजारभावाने किंमत काढतात, त्यातून योजनेचा खर्च आणि देणी वजा करतात आणि उरलेल्या रकमेला एकूण युनिटांनी भागतात. हा हिशेब रोज बाजार बंद झाल्यावर होतो आणि रात्री भाव जाहीर होतो. तुमच्या २,९९९.८५ रुपयांना ६४.८५ ने भागा, ४६.२५८ येतील. घरच्या कॅल्क्युलेटरवर करून बघाच. पावती स्वतः पडताळता आली की माणूस निर्धास्त होतो.

शेंगाचटणीसाठी तुम्ही दर महिन्याला मार्केट यार्डातून शेंगदाणे आणता. समजा ठरवलं, की महिन्याला तीन हजारांचेच घ्यायचे. भाव उतरला त्या महिन्यात पोतं जड येईल, चढला त्या महिन्यात हलकं. व्यापाऱ्याने वजनात मारलं असं तुम्ही म्हणणार नाही, आधी भाव विचाराल. इथेही तेच विचारायचं. एक फरक मात्र आहे: शेंगदाणे कुटून विकले की संपले, युनिट तुमच्या खात्यावर राहतात आणि जुन्या युनिटांनाही आजचाच भाव लागतो.

तुमचे सहाही हप्ते खाली देतो. प्रत्येक वेळी गुंतवलेली रक्कम तीच, २,९९९.८५ रुपये.

७ जानेवारी: भाव ६२.४२, युनिट ४८.०५९
७ फेब्रुवारी: भाव ६१.०५, युनिट ४९.१३८
७ मार्च: भाव ५७.३६, युनिट ५२.२९९
७ एप्रिल: भाव ५५.९२, युनिट ५३.६४५
७ मे: भाव ६१.२७, युनिट ४८.९६१
९ जून: भाव ६४.८५, युनिट ४६.२५८

एप्रिलची ओळ पुन्हा वाचा. ७ एप्रिलचा तो सोमवार तुम्हाला आठवत असेल. अमेरिकेच्या आयातशुल्काच्या धसक्याने जगभरचे बाजार कोसळले होते, आपला निफ्टी एका दिवसात तीन टक्क्यांहून जास्त पडला. त्याच दिवशी तुमचा हप्ता गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच तुम्ही दुकानात आलात, "हे बंद करून टाक बाबा, पैसे बुडायला लागलेत." मी म्हणालो, आणखी दोन महिने बघू, आणि तुम्ही ऐकलंत. त्या दिवशीचे ५३.६४५ युनिट कालच्या भावाने ३,४७८.८८ रुपयांचे झाले. जानेवारीच्या तीन हजारांचे मात्र ३,११६.६३ झालेत. सगळ्यात जास्त युनिट ज्या महिन्यात मिळाले, त्याच महिन्यात तुमच्या जिवाला सगळ्यात जास्त घोर होता. म्हणून युनिट कमी आले की वाईट आणि जास्त आले की चांगलं, असं मानू नका. या वेळी कमी आले कारण भाव चढला, आणि भाव चढल्यामुळेच आधीच्या अडीचशे युनिटांची किंमत वाढली.

सहा भावांची साधी सरासरी ६०.४८ येते, आणि तुम्हाला एक युनिट पडलं ६०.३३ ला. स्वस्ताईत आपोआप जास्त आणि महागाईत कमी घेतलं गेलं, त्याचा हा फायदा. पंधरा पैसेच आहेत, उगीच फुगवून सांगत नाही. शिवाय यामुळे नफ्याची हमी मिळत नाही. पुढच्या महिन्यात बाजार पडला तर हेच १९,३४८ रुपये अठरा हजारांच्या खालीही जाऊ शकतात. हे पैसे पाच-सात वर्षं लागणार नाहीत असं तुम्ही सांगितलंत, म्हणूनच ही योजना सुचवली होती. भिशीचा किंवा औषधपाण्याचा पैसा असता तर मीच नको म्हणालो असतो.

पुण्याच्या तुमच्या पुतण्याला याच योजनेत, त्याच दिवशी, तेवढ्याच पैशात तुमच्यापेक्षा कमी युनिट मिळाले, हेही तुम्ही विचारलंत. त्याचा डायरेक्ट प्लॅन आहे. त्यात वितरकाचं कमिशन नसतं, खर्च कमी, म्हणून त्याचा भाव वेगळा आणि चढा असतो. तुमच्या रेग्युलर प्लॅनच्या खर्चातून माझं कमिशन येतं. हे मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, परत सांगतो. त्याचे युनिट कमी म्हणजे त्याचा तोटा नव्हे, आणि दीर्घ मुदतीत कमी खर्चाचा लाभ त्यालाच होईल. तुम्हाला तिकडे जायचं असेल तर खुशाल सांगा, फॉर्म मीच भरून देईन.

तारीख ७ ची ९ झाली, कारण शनिवार-रविवारी बाजार बंद होता. पैसे योजनेच्या खात्यात ज्या कामकाजाच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पोचतात, त्या दिवसाचा भाव मिळतो. पंधरा पैशांचं मुद्रांक शुल्क जुलै २०२० पासून प्रत्येक खरेदीवर लागतं, शेकडा अर्धा पैसा. या योजनेत वर्षाच्या आत काढलेल्या युनिटांवर एक टक्का कापतात, आणि ते वर्ष प्रत्येक हप्त्याचं वेगळं मोजलं जातं. जानेवारीचे युनिट पुढच्या जानेवारीत मोकळे होतील, कालचे पुढच्या जूनमध्ये.

पावती फाईलला लावून ठेवा. पुढचा हप्ता सोमवारी, ७ जुलैला आहे. आदल्या दिवशी आषाढी, तुम्ही पंढरपुरात असाल. निघण्याआधी खात्यात तीन हजार आहेत ना, तेवढं बघून जा. हप्ता परत गेला तर बँक दंड लावते आणि त्या महिन्याचे युनिटही मिळत नाहीत.

काकांना नमस्कार सांगा.

तुमचा,
नवी पेठेतला म्युच्युअल फंड वितरक