लेकी बोले, सुने लागे : प्राण्यांच्या कथेतील रूपक आणि उपरोध

विद्यार्थी मित्रहो,

जॉर्ज ऑर्वेल यांची ‘अ‍ॅनिमल फार्म’ ही लघुकादंबरी आपण मागच्या आठवड्यात वाचून संपवली आणि ‘या कथेतील प्राणी कोणाचे प्रतिनिधी आहेत?’ हा प्रश्न मी तुम्हाला घरी लिहायला दिला. बहुतेक वह्यांत एकच तक्ता होता : नेपोलियन हे डुक्कर म्हणजे स्टालिन, स्नोबॉल म्हणजे ट्रॉट्स्की, शेतमालक जोन्स म्हणजे झार. उत्तर चूक नाही. परंतु शब्दकोडे सोडवावे तशी नावे जुळवून वही मिटली, तर कथा हातातून निसटते, आणि ती निसटू नये एवढ्याचसाठी मी हे टिपण लिहितो आहे.

रूपककथा ही कल्पना तुम्हाला अगदीच नवी नाही. व्याकरणाच्या तासाला तुम्ही अन्योक्ती हा अलंकार शिकलात. त्यात कवी कोकिळेशी किंवा राजहंसाशी बोलतो, पण त्याचा रोख माणसांवर असतो. आपल्या घरांत त्यालाच ‘लेकी बोले, सुने लागे’ म्हणतात. रूपककथेत हे बोलणे एका श्लोकात आटोपत नाही, तर संपूर्ण कथाभर चालते : वरवर शेतावरच्या प्राण्यांची हकीकत पुढे सरकत असते आणि तिच्याखाली दुसरी, माणसांची हकीकत तितक्याच सुसंगतपणे चाललेली असते. पंचतंत्रातही प्राणी बोलतात आणि तेथेही राजनीतीच शिकवली जाते. पण तेथील सिंह हा कोणत्याही काळातला, कोणत्याही देशातला राजा असतो. ऑर्वेल यांच्या शेताला मात्र विशिष्ट देश आणि विशिष्ट वर्षे आहेत.

तो देश रशिया. 1917 मध्ये तेथे झारची सत्ता उलथली आणि त्याच वर्षी लेनिन यांच्या नेतृत्वाखाली बोल्शेविक पक्षाने कामगार-शेतकऱ्यांच्या नावाने सत्ता हाती घेतली. 1924 मध्ये लेनिन यांचे निधन झाल्यावर स्टालिन आणि ट्रॉट्स्की यांच्यातील संघर्ष विकोपाला गेला. 1929 मध्ये ट्रॉट्स्की यांना देशाबाहेर घालवण्यात आले आणि 1936 ते 1938 या काळात जुन्या सहकाऱ्यांवर जाहीर खटले चालवून अनेकांना मृत्युदंड देण्यात आला. कथेत जोन्सला हुसकावणे, कुत्र्यांनी स्नोबॉलचा पाठलाग करणे आणि प्राण्यांनी न केलेल्या गुन्ह्यांची कबुली देऊन प्राण गमावणे हे प्रसंग कोठून आले, हे आता तुमच्या ध्यानात येईल. पुस्तक ऑगस्ट 1945 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी एकाहून अधिक प्रकाशकांनी ते नाकारले होते, कारण युद्धात सोव्हिएत रशिया हे ब्रिटनचे मित्रराष्ट्र होते. प्राण्यांच्या गोष्टीचीही सत्तेच्या आसपास वावरणाऱ्यांना अडचण वाटू शकते, ती अशी.

आता तुमच्या तक्त्यातील मुख्य उणिवेकडे येतो. सगळे प्राणी एकाच पद्धतीने प्रतिनिधी नाहीत. नेपोलियनमागे एक व्यक्ती आहे. बॉक्सर या घोड्यामागे कोणी एक माणूस नसून राबणारा संपूर्ण कामगारवर्ग आहे. नऊ कुत्र्यांमागे गुप्त पोलिसांची यंत्रणा आहे. आणि मेंढ्यांमागे तर एक सवय आहे, शिकवलेली घोषणा नेमकी वादाच्या वेळी मोठमोठ्याने म्हणून दुसऱ्याचा आवाज बुडवण्याची. म्हणून ‘अमुक म्हणजे तमुक’ असे लिहिताना हा प्राणी व्यक्ती, वर्ग, संस्था की वृत्ती, हे आधी ठरवावे. बॉक्सर समजून घ्यायला तर तुम्हाला रशियापर्यंत जाण्याचीही गरज नाही. गिरणीच्या भोंग्यावर दिवस मोजलेली माणसे सोलापुरात तुमच्यापैकी अनेकांच्या घरांत असतील. ‘मी आणखी कष्ट करीन’ हे त्याचे वाक्य त्यांना वाचून दाखवा आणि ते काय म्हणतात ते ऐका.

रूपकाचा सांगाडा एवढा. त्यात प्राण ओततो तो उपरोध, आणि तो पाहण्यासाठी मी सहाव्या प्रकरणातील एकच प्रसंग घेतो. क्रांतीनंतर प्राण्यांनी कोठाराच्या भिंतीवर सात आज्ञा रंगवल्या होत्या. चौथी अशी की, कोणताही प्राणी बिछान्यावर झोपणार नाही. पुढे डुकरे जोन्सच्या घरात राहायला गेली आणि पलंगांवर झोपू लागली. क्लोव्हर या घोडीला शंका येते. तिला सुटी अक्षरेच तेवढी कळतात, म्हणून ती म्युरिएल या शेळीला भिंतीपाशी नेते, आणि म्युरिएल अडखळत वाचते की, कोणताही प्राणी चादरी घातलेल्या बिछान्यावर झोपणार नाही. चादरींचा उल्लेख क्लोव्हरला आठवत नाही. पण भिंतीवर आहे म्हणजे तो पूर्वीपासूनच असला पाहिजे, अशी ती स्वतःची समजूत घालते. तेवढ्यात दोन-तीन कुत्र्यांसह स्क्वीलर, म्हणजे डुकरांपैकीच त्यांची बाजू मांडणारा, येतो आणि समजावतो : बिछाना म्हणजे केवळ झोपायची जागा, गोठ्यातला पेंढाही बिछानाच; नियम होता तो चादरींविरुद्ध, आणि त्या आम्ही काढून ब्लँकेटे घेतली आहेत.

हा उतारा वाचताना वर्गात एका मुलीने विचारले, “सर, आमच्या घरी चादर अंथरतातही आणि पांघरतातही. मग डुकरांनी नेमके काय काढले?” चादरींच्या गावातली मुलगीच हे विचारू शकते, आणि तिने प्रसंगाच्या मर्मावरच बोट ठेवले. इंग्रजीत येथे गादीवर घालायच्या पातळ सुती कापडाचा शब्द आहे. ते काढल्याने झोपेच्या सुखात काहीच उणे होत नाही. ऊब तशीच, पलंग तसाच. बदलला तो फक्त नियमाचा अर्थ, तोही नियम न मोडता, त्याला एक शब्द जोडून. येथे ऑर्वेल एकदाही म्हणत नाहीत की डुकरे लबाड आहेत. ते स्क्वीलरचा युक्तिवाद गंभीर चेहऱ्याने जसाच्या तसा मांडतात आणि बोलणे व वागणे यांतील अंतर आपल्या नजरेला सोडतात. हाच उपरोध. एखाद्या पुढाऱ्याला कोल्हा किंवा बोका म्हणणे ही नुसती शिवी असते. त्यात वाचकाला शोधण्यासारखे काही उरत नाही.

या प्रसंगातील टीका केवळ डुकरांवर नाही, हेही पाहा. वाचता न येणारी क्लोव्हर, वाचता येऊनही पुढे न बोलणारी म्युरिएल आणि शेजारी उभी असलेली कुत्री, या तिघांमुळे तो एक शब्द भिंतीवर टिकतो. क्लोव्हरवर हसावे असे मला कधी वाटले नाही, लेखकालाही तसे वाटले नसावे. तिच्याकडे तो करुणेने पाहतो. प्राण्यांनी जोन्सविरुद्ध उठाव करणे हीच चूक होती, असे काहींनी लिहिले आहे. त्यांनी पहिली दोन प्रकरणे पुन्हा वाचावीत. तेथील उपासमार आणि चाबूक खरे आहेत, आणि उठावामागचे स्वप्न लेखकाने कोठेही हास्यास्पद केलेले नाही.

पुढील तासाला आपण नववे प्रकरण घेऊ. कोसळलेल्या बॉक्सरला न्यायला गाडी येते तो प्रसंग घरी दोनदा वाचून या. गाडीवर काय लिहिले आहे, ते मोठ्याने कोण वाचतो, तो प्राणी तोवर गप्प का राहिला होता, आणि नंतर स्क्वीलर त्या अक्षरांचे कोणते स्पष्टीकरण देतो, हे तक्ता न करता एका परिच्छेदात लिहून आणा.