शिफारसपत्रासाठी विनंती

पुणे
२ डिसेंबर २०२५

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

लंडनच्या सोआसमध्ये धर्मांच्या तुलनात्मक इतिहासाच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी मी अर्ज करते आहे. त्यासाठी आपण शिफारसपत्र द्यावे, ही विनंती. माझे लेखन सुरुवातीपासून आपणच वाचले आहे, म्हणून पहिल्यांदा आपल्यालाच विचारते आहे.

एम.ए.च्या प्रबंधात मी फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' आणि श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा 'योगसंग्राम' एकत्र वाचले. एक १६१६ साली राचोलला छापलेले, दुसरे १६४५चे. आणि दोन्ही ओवीत. पहिला मसुदा वाचून आपण म्हणाला होतात, "दोघांनी ओवी घेतली, हे दिसतेच. कुणासाठी घेतली ते सांग." तिसरे प्रकरण त्यातूनच उभे राहिले. गोव्याच्या साष्टीतली देवळे १५६७मध्ये पाडली गेली होती. त्याच साष्टीत स्टीफन्सच्या काव्यात ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीकडे पुराणासारखे काही वाचायला मागतो. जुने ऐकणे बंद झालेल्या माणसांची ती भूक आहे. शेख महंमदांसमोर असा तुटलेला श्रोता नव्हता. ते वारकऱ्यांच्या ओळखीच्या भाषेत वेदान्त सांगत होते आणि स्वतःचे मुसलमान असणे लपवत नव्हते. छंद तोच, पण त्यामागची गरज वेगळी. तुलनेचा खरा इतिहास मला इथे सापडतो आणि पुढेही हेच करायचे आहे.

सोआस निवडण्याचे कारण सरळ आहे. 'ख्रिस्तपुराणा'ची देवनागरी हस्तलिखित प्रत तिथल्या मार्सडेन संग्रहात आहे. छापील रोमन पाठाशेजारी ती ठेवून ओवी-ओवीने वाचायची माझी फार इच्छा आहे.

पत्रात माझ्या गुणांपेक्षा कामाच्या पद्धतीबद्दल लिहिलेत तर अधिक उपयोग होईल. मोडी आणि जुनी मराठी मी मुळातून वाचते, हे आपण वर्गात पाहिले आहे. पोर्तुगीज यंदाच सुरू केले आहे, अजून शब्दकोश हाताशी लागतो. तेही आहे तसेच लिहावे.

अर्जाची मुदत १५ जानेवारीला संपते. आपले नाव भरले की पत्र चढवण्याची लिंक आपल्या ईमेलवर थेट येईल. सोबत प्रबंधाचे तिसरे प्रकरण, गुणपत्रिका आणि उद्देशपत्राचा मसुदा जोडला आहे. सत्रपरीक्षांच्या पेपरतपासणीत आपण गुंतलेल्या असाल, याची कल्पना आहे. या वेळी जमणार नसेल तर १५ डिसेंबरपर्यंत निःसंकोच कळवावे, म्हणजे मी दुसऱ्या प्राध्यापकांना विचारू शकेन. भेटून बोलणे सोयीचे असेल तर आपण सांगाल त्या दिवशी विभागात येईन.

आपली विद्यार्थिनी,
अनुजा