समीक्षकांच्या दुसऱ्या आक्षेपास उत्तर

माननीय समीक्षक,
सादर नमस्कार.

कॅलिफोर्नियातील घरांच्या किमतींचा अंदाज करणारे आमचे ग्रेडियंट बूस्टिंग मॉडेल ‘उत्तर देते, पण कारण सांगत नाही’, हा आपला आक्षेप रास्त आहे. झाडांच्या विभाजनावरून काढलेले चलांचे महत्त्व प्रशिक्षण संचावर बेतलेले असते आणि अनेक वेगवेगळी मूल्ये घेणाऱ्या चलांना झुकते माप देते. म्हणून सुधारित मसुद्यात त्या महत्त्वाचा तक्ता वगळून, मॉडेलने कधीही न पाहिलेल्या चाचणी संचावर पर्म्युटेशन इम्पॉर्टन्स मोजले आहे.

```python
permutation_importance(model, X_test, y_test,
                       n_repeats=30, random_state=0)
```

यात एकाच स्तंभातील मूल्ये आपसात फिरवली जातात, बाकी सारे तसेच राहते आणि R² किती घसरतो ते पाहिले जाते. तीस फेऱ्यांमधला फरक आलेखात प्रत्येक पट्टीसोबत दिला आहे.

अक्षांश आणि रेखांश सर्वांत वर आले, यावर आपण शंका घेतली होती, आणि ती महत्त्वाची आहे. १९९० च्या जनगणनेतील या २०,६४० वस्तीगटांमध्ये ही दोन चले एकमेकांशी घट्ट बांधलेली आहेत, कारण किनारा वायव्येकडून आग्नेयेकडे उतरतो. एकटा अक्षांश फिरवला की काही वस्त्या प्रशांत महासागरात जाऊन पडतात आणि मॉडेलला असे प्रश्न विचारले जातात, जे प्रत्यक्षात कधीच उद्भवणार नाहीत. त्यामुळे आम्ही दोन्ही स्तंभ जोडीने फिरवले. स्थानाचा क्रमांक पहिलाच राहिला. मात्र सुट्या अक्षांशाच्या आकड्यावरून कोणताही निष्कर्ष आता काढलेला नाही. सरासरी खोल्या आणि सरासरी शयनगृहे यांनाही हीच काळजी लागू होते: एक चल फिरवले तरी दुसरे बरीचशी माहिती पुरवते आणि दोन्ही नगण्य भासतात.

दिशा मात्र महत्त्वाच्या आकड्यावरून कळत नाही, ती पार्शल डिपेंडन्स प्लॉटवरून दिसते. मध्यक उत्पन्नाबरोबर अंदाजित किंमत चढते आणि वरच्या टोकाला आलेख सपाट होतो. हा सपाटपणा बाजाराचा गुणधर्म मानू नये, कारण मूळ माहितीतच किंमत सुमारे पाच लाख डॉलरवर कापलेली आहे. दर घरातील सरासरी रहिवासी तीनहून कमी असताना वक्र झपाट्याने उतरतो. घराच्या वयाचा वक्र जवळजवळ आडवा आहे. परंतु सरासरीत परस्परविरोधी परिणाम लपू शकतात, म्हणून त्यावर प्रत्येक गटाच्या स्वतंत्र रेषाही काढल्या आहेत. अक्षावर दशमकांच्या खुणा दिल्या आहेत, जेणेकरून विरळ माहितीच्या भागावर कोणी भर देऊ नये.

या आकृत्या मॉडेल कसे वागते ते सांगतात. उत्पन्न वाढवल्यास किंमत वाढेल, असा कार्यकारणाचा दावा त्यातून सिद्ध होत नाही, आणि चर्चेच्या विभागात तशी वाक्ये आता ठेवलेली नाहीत. सुधारित तक्ता, आकृत्या आणि त्या काढणारा कोड मसुद्यासोबत जोडला आहे.

आपले विनम्र,
लेखकगण