राजीनाम्याच्या अनुषंगाने सेवा-अटींचा सुधारित प्रस्ताव

चाकण, ९ जून २०२५
(खासगी)

प्रति,
श्री. कुलकर्णी,
वरिष्ठ अभियंता, गुणवत्ता विभाग

महोदय,

आपला २ जूनचा राजीनामा मिळाला. सेवाशर्तींनुसार नोटिशीचे दोन महिने १ ऑगस्ट रोजी पूर्ण होतात आणि तोवर राजीनामा आमच्याकडे नोंदलेला राहील. आपले विभागप्रमुख आणि मी यांच्याशी शुक्रवारी झालेल्या बोलण्यात आपण जी कारणे सांगितली, त्यांपैकी ज्यांवर आम्हाला खरोखर काही करता येण्याजोगे आहे तेवढ्यांपुरताच हा प्रस्ताव आहे.

आपल्या जबाबदारीची वेतनश्रेणी तपासून आपले मासिक एकूण वेतन १ जुलैपासून ६२,००० रुपयांवरून ७०,००० रुपये करण्यास व्यवस्थापनाने मान्यता दिली आहे. भविष्यनिर्वाह निधीतील कंपनीचा हिस्सा या रकमेत धरलेला नाही. आपल्याला बाहेरून काय देऊ केले आहे हे आम्ही विचारलेले नाही आणि हा आकडा त्याच्याशी बरोबरी करण्यासाठी ठरवलेला नाही. त्यामुळे त्यावर पुढे घासाघीस करणे शक्य होणार नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

रात्रपाळीचा प्रश्न आपण सर्वांत आधी मांडला होता. यापुढे आपली नेमणूक सर्वसाधारण पाळीत राहील. मात्र ग्राहकाचे ऑडिट असेल किंवा एखादा लॉट अडवून तपासावा लागेल, तेव्हा आपल्याला दुसऱ्या किंवा तिसऱ्या पाळीत बोलवावे लागू शकते. अशा वेळी शक्य तेथे आदल्या दिवशी कळवले जाईल आणि त्याबद्दल भरपाई सुटी मिळेल. चाकणच्या कारखान्यात काम करणाऱ्याला ‘रात्री कधीच यावे लागणार नाही’ असे लेखी देणे प्रामाणिकपणाचे झाले नसते.

उपव्यवस्थापक पदाबाबत आज आश्वासन देता येत नाही. ते पद सध्या मंजूर नाही. मंजूर झाल्यास विभागातील इतर पात्र सहकाऱ्यांबरोबर आपलाही विचार होईल. दरम्यान पुरवठादार-गुणवत्तेचे काम स्वतंत्रपणे आपल्याकडे सोपवण्याची विभागप्रमुखांची तयारी असून, त्याची रूपरेषा ते आपल्याशी बसून ठरवतील. ही वेतनवाढ एप्रिल २०२६च्या वार्षिक आढाव्याऐवजी दिलेली नाही, पण त्या आढाव्यात किती वाढ होईल याची हमीही हे पत्र देत नाही.

प्रस्ताव मान्य असल्यास राजीनामा मागे घेत असल्याचे आणि या अटी स्वीकारत असल्याचे १८ जूनपर्यंत लेखी कळवावे. त्यासाठी सेवाबंध किंवा हमीपत्र लिहून देण्याची आवश्यकता नाही. घरच्यांशी बोलून, वेळ घेऊनच ठरवावे. काही विचारायचे असल्यास विभागप्रमुखांमार्फत न येता थेट माझ्याकडे यावे.

आपला निर्णय न बदलल्यास कार्यमुक्तीपत्र, अनुभवपत्र, शिल्लक रजेचा मोबदला आणि आपल्या सात वर्षांच्या सेवेनुसार देय असलेली ग्रॅच्युइटी यांची कार्यवाही नेहमीप्रमाणे होईल. या प्रस्तावाला आलेल्या नकाराचा तिच्यावर काहीही परिणाम होणार नाही. दोन्ही परिस्थितींत पत्रातील वेतनाचा तपशील आपल्यापुरताच ठेवावा, ही विनंती.

आपला,
व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग