हिरवी पट्टी

फोटो सुरेख आला होता. सागरगडाच्या वानरटोकावर ओळीने उभे सोळा जण, मागे दरीतून वर आलेला सुळका, आणि एका कडेला, धुकं विरल्यावर दिसलेली समुद्राची रेघ. सप्टेंबरचा शेवटचा रविवार होता. पायाशी गुलाबी तेरडा फुललेला. आणि तेरड्यात पाण्याच्या दोन बाटल्या, वेफर्सची चकाकती पाकिटं, चेपलेले ग्लास.

मृणाल अलिबागला घरी पोचली, चिखलाचे बूट दाराबाहेर काढले आणि चहा गार होईपर्यंत फोन घेऊन बसली. पुढच्या रविवारी पुन्हा हाच ट्रेक होता. त्याची जाहिरात नऊच्या आत टाकायची होती आणि ट्रेकच्या गटाच्या दादांचा दोनदा निरोप येऊन गेला होता.

काम सोपं होतं. नको त्या वस्तूवरून बोट फिरवायचं, वस्तू जाते, तिच्या जागी आजूबाजूचं गवत येऊन बसतं. पहिली बाटली एका फटक्यात गेली. दुसरी गेली, पण तिची सावली राहिली. बाटली नाही आणि सावली मात्र आहे, हे बघून तिला क्षणभर कसंसंच झालं. सावली वेगळी पुसावी लागली. एका पाकिटाच्या जागी तेरड्याची तीन फुलं उगवली आणि शेजारी पुन्हा तीच तीन फुलं, त्याच क्रमाने. तीही तिने हाताने नीट केली. अर्ध्या तासात टोक लख्ख झालं.

फसवावं असं तिच्या मनात नव्हतं. हा गड तिचा होता. अकरा वर्षांची असताना ती बाबांबरोबर पहिल्यांदा पायथ्याच्या खंडाळे गावातून चढली होती. १६६५ साली पुरंदरच्या तहात महाराजांना जे तेवीस किल्ले द्यावे लागले त्यांत हाही होता, हे आज सकाळी सगळ्यांना सांगताना तिचा आवाज दरवेळसारखाच भरून आला होता. पाहुणे यायचे म्हटलं की आपण पसारा आतल्या खोलीत सारतो, इतक्याच मायेने तिने तो कचरा सारला होता.

जाहिरात गेली. ‘काय नजारा!’ ‘आम्ही नक्की.’ रात्री दहाच्या सुमारास एका मुलीचा निरोप आला.

“ताई, आम्ही कॉलेजच्या चौघी येणार होतो. एनएसएसचं काम म्हणून कचरा गोळा करायला गोण्या आणायचा विचार होता. पण फोटोत तर गड एकदम स्वच्छ दिसतोय. आम्ही दुसरा किल्ला बघू का?”

मृणालने काही लिहायच्या आत दादांनी उत्तर टाकलं होतं. “सागरगड चकाचक आहे. गोण्या नकोत, डबा आणा.”

मृणालच्या पोटात कालवलं. दादा आज गडावर आलेच नव्हते. त्यांनी पाहिला होता तो तिचा फोटो.

तिने मूळ फोटो उघडला. किती होतं ते तरी नीट मोजू, म्हणजे त्या मुलीला सांगता येईल, असं म्हणून ती कोपरा मोठा करत गेली. पुसताना ती वस्तूंवरून बोट फिरवत होती, आता पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघत होती. एक बाटली जुनी होती, उन्हाने पांढरी पडलेली, आत शेवाळ. पाकिटांचे रंग उडून आतली रुपेरी बाजू तेवढी उरली होती. आणि सगळ्यांच्या पुढे, कातळाला टेकून, एक पारदर्शक पिशवी. नवी कोरी. तोंडाशी हिरव्या कागदाची पट्टी, पट्टीला तिरकी स्टेपलची पिन.

ती पिन तिनेच मारली होती. शनिवारी रात्री शेंगदाण्याच्या चिक्कीच्या वीस पिशव्या भरताना स्टेपलर अडकत होता, म्हणून सगळ्याच पिना तिरक्या बसल्या होत्या. हिरव्या पट्ट्या भाचीच्या चित्रकलेच्या वहीतल्या.

तिने आणखी शोधलं. अजून दोन सापडल्या.

दुपारी माचीवर मावशींच्या ओसरीत सगळे जेवायला बसले होते. तांदळाची गरम भाकरी वाढता वाढता मावशी म्हणाल्या होत्या, “मागल्या साली आमची गाय गेली. पोट फुगलं, रवंथ थांबला. चिक्कीच्या, वेफरच्या पिशव्या खातात गो गुरं. खारट-गोडाचा वास येतो त्यांना.” त्या कोणाला दोष देत नव्हत्या. मृणालने मात्र लगेच म्हटलं होतं, “बाहेरून येतात ना, मावशी, त्यांना काही पडलेलं नसतं. आमची माणसं तशी नाहीत.” मावशींनी मान हलवून तिच्या पानात आणखी अर्धी भाकरी घातली होती.

मृणालने दादांना फोन लावला.

“दादा, तो फोटो काढते. मूळचा टाकते.”

“कचऱ्याचा? अगं, कोण येईल?”

“त्या चौघी येतील. बाकीचे नाही आले तर नाही आले. आणि दादा, त्यात आपल्या चिक्कीच्या पिशव्या आहेत.”

बराच वेळ पलीकडून काही आवाज आला नाही. मग ते म्हणाले, “किती?”

“फोटोत तीन. वीस वाटल्या होत्या. बाकीच्यांचं मला माहीत नाही.”

“मग तसं लिही. माझ्या नावाने लिही, गटाचं काम आहे.”

तिने लिहिलं. आधीच्या फोटोतून कचरा मी पुसला होता, हा खरा फोटो, यातल्या तीन पिशव्या आजच्या आपल्या आहेत. पुढच्या वेळी चिक्की पिशवीत नाही, डब्यात. वेफर्सची पाकिटं भंगारवालाही घेत नाही, प्लास्टिकला अॅल्युमिनियमचा थर चिकटलेला असतो, तेव्हा ती आणूच नका. त्या मुलीला वेगळं कळवलं, गोण्या हव्यात, सहा तरी आणा. दोघांनी लगेच नावं मागे घेतली. एका काकांनी विचारलं, हातमोजे मी आणू का?

साडेदहा वाजून गेले होते. माचीवर इतक्या उशिरा फोन करणं बरं नव्हे, तरी तिने केला. मावशींनी उचलला तेव्हा मागे पाऊस वाजत होता.

“मावशी, दुपारी मी म्हटलं ना, आमची माणसं तशी नाहीत म्हणून. वानरटोकावर आमच्या पिशव्या पडल्यात. आमच्याच. येत्या रविवारी आम्ही सगळं उचलून नेतो.”

मावशी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत.

“ऐतवार लांब आहे गो,” त्या म्हणाल्या. “टोकाकडचं गवत वाढलंय. गुरं उद्याच तिकडं सोडायची आहेत.”

“किती वाजता सोडता?”

“दूध काढलं की. साडेसात-आठ.”

मृणालने दार उघडून बूट आत घेतले. ते अजून ओले होते. तिने त्यात जुनी वर्तमानपत्रं कोंबली, पहाटे साडेचारचा गजर लावला आणि माळ्यावरून तांदळाची रिकामी गोणी खाली ओढली.