रंगाखालचं लोखंड

जुन्या मोटरसायकलचा पिस्टन जाम होता. आजोबांनी प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि ऑईल ओतलं. "चार दिवस हात लावायचा नाही," असं बजावलं. मी दुसऱ्याच दिवशी किकवर उभा राहिलो. किक हलली नाही, बोलणी मात्र खाल्ली.

पाचव्या दिवशी गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक पुढे-मागे केलं, तेव्हा आत काहीतरी 'टक्' करून सुटलं. आजोबा नुसते हसले. पुढचे तीन रविवार कार्ब्युरेटरने खाल्ले. जुनं पेट्रोल वाळून फ्लोटखाली डिंकासारखं बसलं होतं. जेटचं भोक साफ करायला मी सुई घेतली, तर त्यांनी हातातून काढून घेतली. "भोक मोठं होईल. वायरीतली तांब्याची एक तार घे." त्यांना जवळचं धड दिसत नाही. जेट उजेडाकडे धरून पलीकडचं आभाळ दिसतंय का, हे मी सांगायचं.

चेसिस मात्र एकट्याने रंगवली, तीन हात देऊन. काळी कुळकुळीत. आजोबा काही बोलले नाहीत, म्हणजे आवडली असणार.

आणि नेमकी ठिणगीच पडेना. प्लग हेडवर टेकवून किक मारमार मारली. प्लग नवा, पॉईंट घासलेले, गॅप मोजलेला. आजोबांनी कॉईलवर बोट ठेवलं, मग ती जिथे बसवली होती त्या पट्टीवर. मग स्क्रूड्रायव्हर उचलला आणि माझा रंग खरवडायला लागले.

"अहो आजोबा!"

"अर्थिंग कुठून मिळणार तिला? तू तिला रंगावर बसवलीस."

खपल्या निघून रुपयाएवढं लोखंड उघडं पडलं. माझा चेहरा बघून म्हणाले, "कॉईल बसली की दिसणार नाही." कॉईल परत आवळली, किक मारली. प्लगच्या टोकाला निळी ठिणगी, चट्!

लिटरला चाळीस मिली ऑईल मिसळून पेट्रोल टाकलं. कॉक उघडला, चोक ओढला. आजोबांचा गुडघा कधीच गेलाय, म्हणून किक माझी आणि अॅक्सिलरेटर त्यांचा.

"लाथ मारू नकोस. अडेपर्यंत हळू दाब. अडली? आता अंगाचा भार टाक."

पहिली किक फुकट. दुसरी उलटून पोटरीवर बसली, डोळ्यांत पाणी आलं. सातवीला ती खोकली. आठवीला सायलेन्सरमधून उंदराने साठवलेल्या चिंध्यांचा बोळा भसकन बाहेर उडाला, पाठोपाठ पांढरा धूर आणि मग तो आवाज! आधी अडखळत, मग सलग. आजोबांनी डोळे मिटले होते, मनगट केसभर मागे-पुढे होत होतं. अंगणभर धूर झाला तरी कोणी हललं नाही.

"आजोबा, एक चक्कर मारू?" मी ओरडलो.

त्यांनी डोळे न उघडताच हनुवटीने खिडकीकडे खूण केली. ब्रेकचे लायनर अजून तिथेच, कागदात गुंडाळलेले.