चेबिशेव्हची असमानता आणि मोठ्या संख्यांचा दुर्बल नियम: बी.एस्सी. द्वितीय वर्षासाठी टिपण

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका यंत्रमाग कारखान्यात टॉवेल विणले जातात. प्रत्येक टॉवेलचं वजन थोडं वेगळं. खरी सरासरी μ आपल्याला माहीत नाही. पण जुन्या नोंदींवरून प्रमाण विचलन σ = 12 ग्रॅम धरता येतं. n टॉवेल तोलून काढलेली सरासरी μ पासून 3 ग्रॅम किंवा त्याहून जास्त भरकटण्याची संभाव्यता किती? वजनांचं वितरण कसं आहे हे ठाऊक नसतानाही याचं उत्तर देता येतं. या विषयातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच.

असमानता. X या यादृच्छिक चलाचं अपेक्षित मूल्य μ आणि व्हेरियन्स σ² (सान्त) असेल, तर प्रत्येक ε > 0 साठी

P(|X − μ| ≥ ε) ≤ σ²/ε²

सिद्धता. |X − μ| ≥ ε असेल तेव्हा I = 1, नाहीतर I = 0 असा चल घ्या. मग नेहमीच

ε²·I ≤ (X − μ)²

हे दोन्ही बाजूंनी तपासून बघा. I = 0 असेल तर डावीकडे शून्य आणि उजवीकडे वर्ग, म्हणजे काही प्रश्नच नाही. I = 1 असेल तर |X − μ| ≥ ε, म्हणून वर्ग ε² पेक्षा कमी असूच शकत नाही. आता दोन्ही बाजूंचं अपेक्षित मूल्य घ्या. E(I) म्हणजे P(|X − μ| ≥ ε), आणि उजवीकडे व्याख्येनुसार σ². ε² ने भागलं की झालं. ∎

पुष्कळ जण इथे इन्टिग्रल मांडून, त्याचे तुकडे पाडून सिद्धता लिहितात. ती चूक नाही, पण मग खंडित आणि सतत चलांसाठी दोनदा लिहावी लागते. वरची एका ओळीची असमानता दोन्हींना पुरते.

ही मर्यादा ढोबळ आहे, पण एवढ्याच माहितीवर ती सुधारता येत नाही. k ≥ 1 घ्या. X ला μ − kσ आणि μ + kσ ही मूल्यं प्रत्येकी 1/(2k²) संभाव्यतेनं द्या, उरलेली संभाव्यता μ ला. याचा व्हेरियन्स बरोबर σ² येतो आणि P(|X − μ| ≥ kσ) = 1/k². म्हणजे समानता!

दुर्बल नियम. X₁, X₂, … हे स्वतंत्र, एकाच वितरणाचे चल, अपेक्षित मूल्य μ, व्हेरियन्स σ² सान्त. X̄ₙ = (X₁ + … + Xₙ)/n. तर प्रत्येक ε > 0 साठी n → ∞ होताना P(|X̄ₙ − μ| ≥ ε) → 0.

सिद्धता. E(X̄ₙ) = μ हे उघडच आहे. स्वातंत्र्यामुळे सहप्रचरणाची सगळी पदं शून्य होतात, म्हणून Var(X̄ₙ) = nσ²/n² = σ²/n. X̄ₙ ला असमानता लावा:

P(|X̄ₙ − μ| ≥ ε) ≤ σ²/(nε²) → 0. ∎

ε आधी ठरवायचा आणि मग n वाढवायचा, हा क्रम सोडू नका.

टॉवेलांकडे परत येऊ. ε = 3 ठेवला तर मर्यादा 144/(9n) = 16/n. ती 0.05 वर आणायला n = 320 हवेत. वजनं प्रसामान्य वितरणाची आहेत असं खात्रीनं माहीत असतं तर (1.96 × 12/3)² ≈ 61.5, म्हणजे 62 टॉवेल पुरले असते. वितरणाबद्दल काहीही गृहीत न धरण्याची ही किंमत.

सिद्धतेतला खरा कणा मात्र स्वातंत्र्य आहे, आणि उत्तरपत्रिकेत नेमका तोच शब्द गळतो. समजा सगळे टॉवेल एकाच मागावरून, सुताच्या एकाच लॉटमधून उचलले आणि कोणत्याही दोन वजनांमधला सहसंबंध ρ = 0.25 निघाला. मग

Var(X̄ₙ) = σ²/n + (1 − 1/n)ρσ²

n कितीही वाढवा, हे 0.25 × 144 = 36 च्या खाली जात नाही. हजार टॉवेल तोलले तरी सरासरीचं प्रमाण विचलन 6 ग्रॅमच्या वरच राहतं! म्हणून निरनिराळ्या मागांवरून, निरनिराळ्या पाळ्यांतून नमुना घ्यायचा. उलट, सिद्धतेला पूर्ण स्वातंत्र्य लागतच नाही. जोडीजोडीनं सहसंबंध शून्य असला तरी पुरतं.

आणखी एक गैरसमज. सलग जड टॉवेल आले म्हणून पुढचे हलके येऊन भरपाई करतील, असं हा नियम म्हणत नाही. बेरजेचा व्हेरियन्स nσ² आहे, म्हणजे nμ पासूनची तफावत साधारण √n च्या प्रमाणात वाढतच जाते. n ने भागल्यामुळे ती सरासरीत विरते.

याकोब बर्नुलीनं यश-अपयशाच्या चाचण्यांसाठी हा नियम सिद्ध केला. ते काम त्याच्या मृत्यूनंतर 1713 मध्ये छापलं गेलं, आणि त्याची सिद्धता बरीच कष्टाची होती. चेबिशेव्हच्या 1867 च्या मांडणीनं ती दोन ओळींवर आली. पुढे 1929 मध्ये खिंचिननं दाखवलं की स्वतंत्र, समवितरित चलांना सान्त μ पुरतं, σ² सान्त असण्याची गरज नाही. पण त्याला वरची पद्धत चालत नाही, कारण σ² अनंत असेल तर असमानतेची उजवी बाजूच निरर्थक होते.

सोडवून आणा: ε = 2 आणि मर्यादा 0.1 साठी n किती? आणि ρ = 0.25 असताना कोणताही n ती मर्यादा का गाठू शकत नाही?